इनपुट गुणिले चूक

एमनिस्ट या संग्रहातलं कुठलंही चित्र उघडलं की समोर येतात ७८४ संख्या. २८ ओळी, प्रत्येक ओळीत २८ चौकटी आणि प्रत्येक चौकटीत ० ते २५५ मधली एक संख्या. शून्य म्हणजे कोरी जागा, २५५ म्हणजे ठळक उमटलेली रेघ. कुणा अमेरिकी माणसानं कधीकाळी कागदावर काढलेला ४ संगणकाच्या दृष्टीनं एवढाच असतो. या संख्यांवरून ‘हा ४ आहे’ असं सांगणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये दोन डझन ओळींत मावतो. पण ४ ला दोन आडव्या-उभ्या रेघा असतात किंवा ८ ला दोन गोल असतात, असं त्या ओळींत कुठेही लिहिलेलं नसतं. ते प्रोग्रॅमला चित्रं पाहून कमवावं लागतं. ते तो नेमकं कसं कमवतो, हे तयार लायब्ररीच्या आड झाकलं जातं. म्हणून इथे फक्त नमपाय घ्यायचं, जे संख्यांचे तक्ते गुणायचं काम करतं. बाकी सगळं हातानं लिहायचं.

आधी चित्रांविषयी. अमेरिकेतल्या एनआयएसटी या प्रमाणीकरण संस्थेकडे हस्ताक्षरांचे दोन साठे होते. एक जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला, दुसरा हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी. कर्मचाऱ्यांचे आकडे सुबक, विद्यार्थ्यांचे बरेच वेडेवाकडे. एका साठ्यावर शिकवून दुसऱ्यावर परीक्षा घेतली तर निकालाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दोन्ही साठे मिसळून नवा संग्रह केला: शिकवण्यासाठी ६०,००० चित्रं आणि परीक्षेसाठी वेगळी १०,०००. प्रत्येक आकडा २० बाय २० च्या चौकोनात बसवून मग चित्राच्या मधोमध आणलेला आहे. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आता नेटवर्क. ७८४ संख्या आत येतात. मध्ये १६ न्यूरॉन असतात आणि शेवटी १०, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी एक. न्यूरॉन हा शब्द भारदस्त असला तरी त्याचं काम साधं असतं. आलेल्या प्रत्येक संख्येला तो एका वजनानं गुणतो, सगळ्यांची बेरीज करतो आणि तीत स्वतःचा एक आकडा मिळवतो. मधला न्यूरॉन बेरीज ऋण आली तर पुढे शून्य पाठवतो. शेवटच्या दहा बेरजांचं रूपांतर शक्यतांमध्ये केलं जातं, म्हणजे सगळ्या मिळून १ होतील अशा दहा संख्यांमध्ये. अशा या नेटवर्कमध्ये बदलता येण्याजोग्या संख्या भरतात १२,७३०. शिकणं म्हणजे या संख्या बदलणं, त्यापलीकडे काही नाही. सुरुवातीला त्या कशाही, यदृच्छेनं टाकतात:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
W1 = rng.normal(0, 0.05, (784, 16)); b1 = np.zeros(16)
W2 = rng.normal(0, 0.1, (16, 10));   b2 = np.zeros(10)
```

अशा नेटवर्कला चित्र दाखवलं तर ते दहाही आकड्यांना जवळपास सारखी, ०.१ च्या आसपासची शक्यता देतं. चूक मोजायची रीत अशी, की खऱ्या आकड्याला दिलेल्या शक्यतेचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्याचं चिन्ह उलटवायचं. ०.१ साठी हे उत्तर २.३ येतं, ०.९ साठी ०.१, आणि १ साठी शून्य. या मापाला लॉस म्हणतात. प्रोग्रॅम चालू केल्या केल्या लॉस २.३ च्या जवळ दिसला नाही, तर शिकवणं सुरू होण्याआधीच कुठेतरी गडबड आहे असं समजावं.

शिकण्याची एक पायरी पुढच्या ओळींत आहे. `X` मध्ये ३२ चित्रं असतात, त्यांच्या संख्या २५५ नं भागून ० ते १ मध्ये आणलेल्या. `Y` मध्ये त्यांची खरी उत्तरं असतात.

```python
h = np.maximum(0, X @ W1 + b1)
z = h @ W2 + b2
p = np.exp(z - z.max(1, keepdims=True))
p /= p.sum(1, keepdims=True)

dz = (p - Y) / len(X)
dh = (dz @ W2.T) * (h > 0)

W2 -= 0.1 * h.T @ dz; b2 -= 0.1 * dz.sum(0)
W1 -= 0.1 * X.T @ dh; b1 -= 0.1 * dh.sum(0)
```

वरच्या चार ओळी उत्तर काढतात आणि खालच्या चार ओळींत शिकणं होतं. तिथे काय घडतं ते एका चित्रावर पाहता येतं.

समजा, चित्र ४ चं आहे, पण लिहिणाऱ्यानं त्याचं वरचं तोंड जवळजवळ मिटवलंय. हे दोन आकडे नेटवर्कला नेहमीच चकवतात. अर्धवट शिकलेल्या नेटवर्कनं ९ ला ०.६० शक्यता दिली, ४ ला ०.२५ आणि उरलेली ०.१५ बाकीच्यांत वाटली. खरं उत्तर ४ ला १ आणि इतरांना ० असं हवं होतं. `p - Y` ही वजाबाकी केली की ४ च्या न्यूरॉनची चूक निघते उणे ०.७५, आणि ९ च्या न्यूरॉनची अधिक ०.६०. एक कमी बोलला, दुसरा जास्त.

आता मधल्या सोळांपैकी एक न्यूरॉन घेऊ. या चित्रावर त्यानं पुढे ०.८ पाठवलं होतं. त्याच्यापासून ४ कडे जाणाऱ्या वजनात किती बदल करायचा? त्या वजनातून जे आत गेलं ते गुणिले पलीकडे झालेली चूक: ०.८ गुणिले उणे ०.७५, म्हणजे उणे ०.६. त्याचा दहावा भाग उलट दिशेनं लावायचा, म्हणून ते वजन ०.०६ नं वाढतं. ९ कडे जाणारं वजन याच हिशेबानं ०.०४८ नं घटतं. या दोन बदलांनी ४ ची शक्यता ०.२५ वरून साधारण ०.२६५ होते. उडी छोटीच असते आणि ती छोटीच हवी, कारण एका चित्राचं समाधान करताना बाकीच्यांचं बिघडायला नको.

हा गुणाकार बरोबर आहे की नाही, ते कुणालाही तपासता येतं. तेच वजन हातानं ०.००१ नं वाढवायचं आणि लॉस पुन्हा काढायचा. आधी तो १.३८६३ होता, आता १.३८५७ येतो. ०.००१ च्या धक्क्यानं लॉस ०.०००६ नं उतरला, म्हणजे उतार उणे ०.६, गुणाकारानं सांगितला होता तोच. पण या रीतीनं सगळी वजनं तपासायची तर एका पायरीसाठी नेटवर्क १२,७३० वेळा चालवावं लागेल.

तो खटाटोप `dh` ची ओळ वाचवते. शेवटच्या दहा न्यूरॉनच्या चुका त्याच वजनांवरून मागे चालत येतात. ज्या मधल्या न्यूरॉननं ९ ला जोरात पुढे ढकललं, त्याच्या वाट्याला त्या चुकीचा मोठा हिस्सा येतो. जो शून्यावर गप्प होता, त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. प्रत्येकाचा हिस्सा कळला की पहिल्या थरातही तोच गुणाकार: चौकटीतली संख्या गुणिले न्यूरॉनचा हिस्सा. एका मागच्या फेरीत सगळ्या वजनांचे उतार हाती येतात. यालाच बॅकप्रोपगेशन म्हणतात. डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या ‘नेचर’मधल्या १९८६ च्या लेखानंतर ही रीत सर्वदूर पोचली.

३२-३२ च्या गठ्ठ्यांनी ६०,००० चित्रं एकदा पाहून होतात तेव्हा १,८७५ पायऱ्या झालेल्या असतात. साध्या लॅपटॉपवर एवढ्याला काही सेकंद पुरतात. तेवढ्यात, कधीही न पाहिलेल्या १०,००० चित्रांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर येऊ लागतात. आणखी काही फेऱ्यांनी हा आकडा ९४-९५ पर्यंत चढतो आणि तिथे रेंगाळतो. १६ न्यूरॉनच्या अंगात त्याहून फार नसतं.

पण कित्येकांच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटतो तो आकडा असतो ११.३५ टक्के. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या तरी तो हलत नाही आणि लॉसही २.३० वर थिजलेला राहतो. हा आकडा योगायोगाचा नाही. परीक्षेच्या १०,००० चित्रांत १ हा आकडा १,१३५ वेळा येतो. म्हणजे नेटवर्क प्रत्येक चित्राला डोळे मिटून ‘१’ म्हणतंय. याचं कारणही त्याच गुणाकारात सापडतं. कुणी सगळी वजनं शून्यानं सुरू केली तर मधले सोळाही न्यूरॉन शून्य पाठवतात. शून्य गुणिले चूक शून्यच, त्यामुळे `W2` हलत नाही. `W2` शून्य असल्यानं मागेही शून्य चूक जाते आणि `W1` सुद्धा जागचं हलत नाही. शून्यानं गुणलं जात नाही ते फक्त `b2`. ते बिचारं शिकतं ते एवढंच, की कुठला आकडा किती वेळा येतो. शिकवण्याच्या चित्रांतही १ सर्वांत जास्त, ६,७४२ वेळा आहे. २५५ नं भागायचं राहून गेलं तरी बहुधा हीच गत होते. उड्या इतक्या मोठ्या पडतात, की मधले न्यूरॉन कायमचे ऋण बाजूला जाऊन गप्प होतात. असं झालंय का हे `(h > 0).mean()` छापून कळतं. उत्तर शून्य आलं तर मधला थर मेलेला आहे.

चांगलं शिकलेल्या नेटवर्कचं पोटही उघडून पाहण्यासारखं असतं. `W1` मधल्या एका न्यूरॉनची ७८४ वजनं पुन्हा २८ बाय २८ मध्ये मांडून त्यांचं चित्र काढायचं. तिथे सुबक रेघा आणि गोल दिसतील ही अपेक्षा फोल ठरते. मध्यभागी उजळ-काळ्या डागांचा पसारा दिसतो, माणसाला त्यातून फारसं उमगत नाही. कडेला मात्र नुसती मुंग्यांसारखी खरखर असते. ती सुरुवातीची यदृच्छ वजनं आहेत, जशीच्या तशी. आकडे मधोमध आणलेले असल्यामुळे कोपऱ्यांतल्या चौकटी चित्रागणिक शून्यच राहिल्या, आणि जिथे इनपुट शून्य तिथे दुरुस्तीही शून्य. म्हणूनच तोच ४ चार-पाच चौकटी बाजूला सरकवून दाखवला की अचूकता धाडकन कोसळते. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या आकड्याचा फोटो उलटा न करता दिला तरी तेच, कारण ज्या जागा आजवर शून्य होत्या त्या आता भरून येतात.

मराठी वाचकाला एक प्रयोग घरबसल्या करता येईल. देवनागरी १ नीट मधोमध, काळ्यावर पांढरा काढून या नेटवर्कला द्यायचा. त्याच्या ओळखीच्या आकारांत हा ९ ला सर्वांत जवळचा, तेव्हा बहुधा उत्तर ९ येईल, आणि तेही भरघोस शक्यतेनं. ‘हे माझ्या माहितीतलं नाही’ असं म्हणायला अकरावा न्यूरॉनच नाही. दहा शक्यतांची बेरीज १ व्हायलाच हवी, म्हणून प्रत्येक चित्राला दहातलं एक नाव मिळतंच. देवनागरी आकडे शिकवायचे तर ती चित्रं नव्यानं दाखवावी लागतात. नेपाळमध्ये तयार झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हस्तलिखित देवनागरी संग्रहात ३६ व्यंजनांबरोबर दहा आकडेही आहेत, प्रत्येकाची २,०००, ३२ बाय ३२ चौकटींची चित्रं. त्यासाठी वरच्या प्रोग्रॅममध्ये ७८४ च्या जागी १०२४ लिहावं लागतं. बदलत्या संख्या १६,५७० होतात. शिकवणाऱ्या चार ओळींत एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही.