नोकरी गेल्यावर परीक्षा शुल्कात सवलत मागताना

नोकरी गेलेल्या माणसापुढे पहिल्याच महिन्यात एक विचित्र कोडे उभे राहते. नवी नोकरी मिळण्यासाठी प्रमाणपत्र हवे असते आणि प्रमाणपत्राचे शुल्क भरण्यासाठी नोकरी हवी असते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात हे शुल्क बहुधा डॉलरमध्ये असते. लिनक्स फाउंडेशनची ‘सीकेए’, म्हणजे कुबरनेटिस प्रशासकाची परीक्षा घ्या. तिचे शुल्क चारशे डॉलरच्या पुढे आहे. रुपयांत ही रक्कम पस्तीस हजारांहून अधिक भरते. फोंड्यात वा मडगावात घरभाडे, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता चालू असताना एवढी रक्कम एका परीक्षेवर लावणे सोपे नाही. अशा वेळी संस्थेला पत्र लिहिण्याचा मार्ग खुला असतो. मात्र बहुतेक पत्रे चुकीच्या दारावर थाप मारतात.

दारे दोन आहेत. पहिले शिष्यवृत्तीचे. लिनक्स फाउंडेशन २०११ पासून ‘लिफ्ट’ नावाची शिष्यवृत्ती देते. तिच्यात एक ऑनलाइन अभ्यासक्रम आणि एक प्रमाणपत्र परीक्षा यांचा खर्च माफ होतो. त्यासाठी वर्षातून ठरावीक काळात अर्ज मागवले जातात आणि बरीच वर्षे ही मुदत एप्रिलच्या अखेरीस संपत आली आहे. नवशिके, महिला, प्रणाली प्रशासक असे गट असतात आणि अर्जातील प्रश्नांना लेखी उत्तरे द्यावी लागतात. येथे अर्जदाराची तुलना इतर अर्जदारांशी होते. म्हणून केवळ अडचण सांगून भागत नाही; ही संधी आपल्या हातून वाया जाणार नाही, हेही पटवून द्यावे लागते.

दुसरे दार शुल्कमाफीचे किंवा शुल्कसवलतीचे. त्याला हंगाम नसतो, स्पर्धाही नसते. पत्र वाचणारा बहुधा समितीचा सदस्य नसून परीक्षा विभागातील एखादा कर्मचारी असतो. त्याच्यापुढे नियमांची चौकट असते आणि तिच्यात थोडीशी मुभा. काही संस्थांत अशी तरतूद लेखी असते, काहींत मुळीच नसते. तेथे निर्णय सर्वस्वी त्या विभागाच्या विवेकावर अवलंबून राहतो. या माणसाला आपली करुण कहाणी नको असते. होकार दिल्यास वरिष्ठांना काय कारण सांगायचे, ते कारण त्याला हवे असते. पत्राने ते त्याच्या हाती तयार ठेवावे.

उदाहरण पाहू. फोंड्यातील एका प्रणाली प्रशासकाची नोकरी ३० जून रोजी गेली. आता ऑगस्ट उजाडला आहे. शिष्यवृत्तीची एप्रिलमधील मुदत केव्हाच टळली. पुढची आठ महिन्यांवर आहे. तेव्हा त्याने संस्थेला शुल्कसवलतीचे पत्र लिहायचे ठरवले. पाठवताना ते इंग्रजीत जाईल, पण क्रम हाच राहील:

‘महोदय, सीकेए परीक्षेच्या शुल्कात सवलत मिळावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी नऊ वर्षे लिनक्स सर्व्हरच्या देखभालीचे काम केले. कंपनीने विभाग बंद केल्यामुळे ३० जून रोजी माझी नोकरी संपली. सोबत कार्यमुक्तीचे पत्र जोडले आहे. मला दोन महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई मिळाली असून ती सध्या गृहकर्जाच्या हप्त्यांसाठी वापरत आहे. घरात दुसरे उत्पन्न पत्नीचे दरमहा २४ हजार रुपये एवढेच आहे. मार्चपासून मी घरच्या संगणकावर तीन नोडचे क्लस्टर उभारून सराव करीत आहे. बॅकअप, अपग्रेड आणि नेटवर्कमधील दोष शोधणे हे भाग पूर्ण झाले आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षा देण्याची माझी तयारी आहे. पूर्ण माफी शक्य नसल्यास १२ हजार रुपये मी स्वतः भरू शकेन. मी अद्याप नोंदणी केलेली नाही वा शुल्क भरलेले नाही. आपल्याकडे अशी तरतूद नसल्यास पुढील शिष्यवृत्तीची तारीख कळवावी, ही विनंती.’

या पत्रातील चार गोष्टी मुद्दाम पाहण्याजोग्या आहेत. भरपाईचा उल्लेख त्यातील पहिली. अनेक जण ती रक्कम लपवतात आणि ‘उत्पन्न शून्य’ असे लिहून मोकळे होतात. पुढे जोडलेल्या हिशेबाच्या कागदावर तीच रक्कम दिसली की सगळे पत्र संशयास्पद ठरते. रक्कम सांगून ती कुठे जाते हेही सांगितले, तर ती अडचणीचाच पुरावा ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः भरू शकू ती रक्कम. ‘जी शक्य असेल ती मदत करावी’ या वाक्यात नम्रता आहे, पण त्यातून रक्कम ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते आणि पत्र बाजूला राहते. १२ हजार हा आकडा समोर असला, म्हणजे पूर्ण माफीचा अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यालाही काही करता येते.

तिसरी, परीक्षेचा काळ. सवलतीत दिलेले कूपन वापरलेच गेले नाही, याचा अनुभव अशा संस्थांना असतो. सीकेएचे शुल्क भरल्यावर परीक्षा देण्यासाठी बारा महिने मिळतात आणि पहिल्या खेपेस अपयश आले तर आणखी एक संधी त्याच शुल्कात मिळते. परीक्षा दोन तासांची, प्रत्यक्ष आज्ञा देऊन कामे उरकण्याची. उत्तीर्ण होण्यास ६६ टक्के गुण लागतात. ‘अभ्यास सुरू आहे’ या वाक्यापेक्षा तीन नोडचे क्लस्टर हे शब्द म्हणूनच अधिक वजनदार ठरतात. तारीख ठरवताना आणखी एक हिशेब करावा. एप्रिल २०२४ पासून हे प्रमाणपत्र तीनऐवजी दोनच वर्षे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नोकरीचे अर्ज जेव्हा पाठवायचे, त्याच सुमारास ते हाती यावे हे बरे.

चौथी गोष्ट सर्वांत महाग पडणारी आहे: पत्र शुल्क भरण्यापूर्वी गेले पाहिजे. न भरलेले शुल्क कमी करणे सोपे असते. भरलेले परत करणे हा लेखा विभागाचा वेगळा व्यवहार होतो आणि त्याला बहुतेक ठिकाणी स्पष्ट मनाई असते. ‘आधी भरून टाकू, मग मागू’ असे म्हणणाऱ्याचे पैसे जवळपास गेलेच समजावे.

पुराव्याला कार्यमुक्तीचे पत्र पुरते. ते कंपनीने दिले नसेल, तर भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख असते. त्या पानाची प्रत चालते. कागद मराठीत असल्यास सोबत इंग्रजी सारांश द्यावा. आधार, पॅन आणि बँक खात्याचे क्रमांक झाकूनच प्रत पाठवावी. जुन्या कंपनीविषयीची कडवट वाक्ये मात्र काढून टाकावीत. ती कितीही खरी असली तरी वाचणाऱ्याच्या निर्णयात त्यांना जागा नसते.

उत्तर आले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच पत्राखाली एकदा स्मरण द्यावे. नकार आला, तरी नोव्हेंबरअखेरीस या संस्थेची मोठी सवलत विक्री असते; ऑगस्टमध्ये नकार मिळालेल्याला ती वाट पाहण्याजोगी आहे. होकार आला, तर कूपनची अंतिम तारीख आणि त्यावरील नाव लगेच तपासावे. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे नाव असते आणि खात्यात नसते, कुठे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असते. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरील नाव नोंदणीतील नावाशी जुळावे लागते. ही दुरुस्ती परीक्षेच्या बऱ्याच आधी करून घ्यावी.