कर्जप्रस्ताव : विधान आणि पुरावा

अर्ज आणि अहवाल या लेखनप्रकारांशी आपला परिचय आहे. कर्जप्रस्तावात या दोहोंचा मेळ असतो. त्यात अर्जाप्रमाणे मागणी असते आणि अहवालाप्रमाणे त्या मागणीला आधार देणारी माहिती असते. तो वाचताना बँकेच्या अधिकाऱ्यापुढे मुख्य प्रश्न एकच असतो : घेतलेल्या यंत्रसामग्रीतून हप्ता फिटेल का?

एक कल्पित उदाहरण घेऊ. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका वस्तीत छोटा स्पा आहे. चालिकेला आणखी एक मसाज टेबल आणि स्टीम केबिन घ्यायची आहे. विक्रेत्याच्या कोटेशननुसार बसविण्यासह खर्च ४ लाख रुपये आहे. त्यापैकी ८० हजार रुपये त्या स्वतः घालणार आहेत. उरलेले ३ लाख २० हजार कर्जाने हवेत. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ही रक्कम ‘किशोर’ गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांच्या टप्प्यात येते. या योजनेत वेगळे तारण मागितले जात नाही. म्हणून प्रस्तावातील आकड्यांवरच अधिक भार पडतो.

पहिल्या मसुद्यात असे वाक्य असू शकते : ‘आमच्या स्पाची लोकप्रियता झपाट्याने वाढत असल्याने विस्तार अत्यावश्यक आहे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते पडताळता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘नोंदवहीनुसार गेल्या वर्षी दरमहा सरासरी ५० ग्राहकांना जागेअभावी वेळ देता आली नाही.’ सोबत नोंदवहीचा महिनावार गोषवारा जोडावा.

आता हिशेब पाहा. एका सेवेचे ८०० रुपये मिळतात. तेल, क्रीम, धुलाई यांचे २५० वजा जाता ५५० उरतात. नव्या मदतनीस महिलेचा पगार १० हजार, वाढीव वीज ३ हजार आणि द.सा.द.शे. १२ दराने चार वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ८,४३० धरला, तर वाढीव खर्च २१,४३० रुपये होतो. तो भरून निघण्यासाठी महिन्याला ३९ जादा सेवा लागतात. परत जाणारे ग्राहक ५० असल्याने मागणी समर्थनीय दिसते.

मात्र सरासरी फसवी असते. लग्नसराईत ८० ग्राहक परत जात असतील आणि चातुर्मासात केवळ २५, तर त्या मंद महिन्यांत वाढीव मिळकत १३,७५० रुपयेच होईल आणि सुमारे ७,६८० रुपये कमी पडतील. ही तूट लपवू नये. ‘मंद महिन्यांतील तूट सध्याच्या मासिक १२ हजारांच्या शिलकीतून भरली जाईल, खात्याचा उतारा सोबत जोडला आहे’, असे स्पष्ट लिहावे. अधिकाऱ्याला ही तूट स्वतः शोधावी लागली, तर प्रस्तावातील इतर विधानांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

स्वाध्याय : मंद महिन्यांत केवळ १० ग्राहक परत जात असतील, तर वरील शिल्लक तुटीला पुरेल काय? हिशेब करून प्रस्तावातील ते वाक्य पुन्हा लिहा.