बुडालेच तर नऊ हजार

साठ हजार शब्दांचं पुस्तक, शब्दाला दीड रुपया, म्हणजे एकूण 90,000 रुपये. "अर्धे आत्ता देतो, अर्धे पुस्तक आल्यावर," प्रकाशक म्हणाले आणि मी होकार दिला. मी भाषांतर पूर्ण करून दिलं, पण पुस्तक काही छापलं गेलं नाही. माझे 45,000 रुपये तिथेच अडकले. त्यांची नियत खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. चूक बोलणीतच झाली होती. माझा हप्ता माझ्या कामाला नव्हे, त्यांच्या छपाईला बांधलेला होता, आणि छपाई काही माझ्या हातात नव्हती.

तेव्हापासून काम घेण्याआधी मी एकच हिशेब मांडते : समोरच्याने उद्या पैसे थांबवले, तर केलेल्या कामाचे किती रुपये बाहेर राहतील?

तेच 90,000 आता असे मागते. 30 टक्के, म्हणजे 27,000 रुपये आगाऊ. पुस्तकाचे पंधरा-पंधरा हजार शब्दांचे चार टप्पे. पहिले तीन टप्पे पाठवले की प्रत्येकी 18,000 आणि चौथ्यानंतर उरलेले 9,000. प्रत्येक टप्प्यातलं काम 22,500 रुपयांचं. पहिला टप्पा देऊन हप्ता आला नाही, तरी माझ्याकडे 27,000 असतात, म्हणजे मीच पुढे. दुसऱ्यानंतर पैसे थांबले, तर 45,000 चं काम आणि 45,000 च हातात. तिसऱ्यानंतर बाकी 4,500, आणि अगदी शेवटी 9,000. याहून जास्त बुडूच शकत नाही.

मात्र हप्ता आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. "आज-उद्या पैसे जमा होतील, तुम्ही चालू ठेवा" या शब्दावर काम पुढे नेलं की वरचं सगळं गणित कोसळतं.

दुसरी फट 'मान्यता' या शब्दात असते. 'मजकूर मान्य झाल्यावर हप्ता' असं लिहिलं आणि संपादकांना वाचायला सवड झाली नाही, तर महिने जातात. म्हणून मी लिहून घेते : मजकूर मिळाल्यापासून सात दिवसांत दुरुस्त्या कळवल्या नाहीत, तर टप्पा मान्य धरला जाईल. सुधारणा किती फेऱ्यांपर्यंत, तेही तिथेच ठरवते. नाहीतर टप्पा कधी संपतच नाही.

हक्कांचंही एक वाक्य असतं : भाषांतराचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित होतील. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्यासाठी लेखी, सहीचा कागद लागतो. तो कागद मी शेवटच्या हप्त्यानंतरच देते.

आगाऊ रक्कम मागताना पूर्वी माझी जीभ अडखळायची. आता दर सांगते त्याच पत्रात हप्तेही लिहिते. आणि टप्पा पाठवताना खाली इतकंच : "पहिले 15,000 शब्द सोबत आहेत, बिलही जोडलं आहे. 18,000 रुपये जमा झाले की दुसरा टप्पा हाती घेते."