जोडीदार आधीच येऊन गेला आहे का?

1 डिसेंबर 2020. भारतात सकाळचे साडेदहा वाजले, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र होती आणि ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’चं त्या वर्षीचं पहिलं कोडं जगभरासाठी खुलं झालं. एरिक वास्टल हा अमेरिकी प्रोग्रॅमर 2015 पासून दर डिसेंबरात ही कोडी मांडतो. त्या दिवशीचं कोडं खर्चाच्या हिशेबाचं होतं. आकड्यांची एक लांब यादी दिलेली. त्यातून असे दोन आकडे शोधायचे, की त्यांची बेरीज बरोबर 2020 होईल, आणि मग त्या दोघांचा गुणाकार उत्तर म्हणून द्यायचा. नमुन्यादाखल सहा आकडे दिले होते: 1721, 979, 366, 299, 675, 1456.

सहाच आकडे असल्यामुळे थोड्या खटपटीनं जोडी डोळ्यांनीही सापडते. 1721 आणि 299 मिळून 2020 होतात आणि त्यांचा गुणाकार 514579 येतो. पण संगणकाला ‘नजर टाक’ असं सांगता येत नाही, एकेक पायरी लिहून द्यावी लागते. बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा जे लिहिलं जातं, ते असं:

```python
for i in range(len(a)):
    for j in range(i + 1, len(a)):
        if a[i] + a[j] == 2020:
            print(a[i], a[j])
```

एका लूपच्या पोटात दुसरा लूप. पहिला आकडा धरायचा आणि त्याच्या पुढच्या प्रत्येकाशी त्याची बेरीज करून पाहायची; मग दुसरा धरायचा, पुन्हा तेच. ही पद्धत चूक नाही. जोडी असेल तर ती नक्की सापडते. कोड्यातली खरी यादी सुमारे दोनशे आकड्यांची असे, आणि दोनशे आकड्यांच्या एकूण जोड्या होतात 19,900. एवढं काम संगणक क्षणात उरकतो. त्यामुळे त्या सकाळी हा कोड लिहिणाऱ्याचं काहीच अडलं नाही.

अडतं ते यादी वाढली की. दोनशेचे दोन हजार आकडे झाले, तर जोड्या दहापट नव्हे, शंभरपट होतात: 19,99,000. एक लाख आकडे असतील तर जोड्या जवळजवळ 500 कोटी. पायथॉनसारख्या भाषेत साध्या संगणकावर एवढ्या बेरजा तपासायला कित्येक मिनिटं लागतात, आणि जोडी अस्तित्वातच नसेल तर शेवटची बेरीज होईपर्यंत ते कळतही नाही.

इथे कामाची पद्धत बदलण्याआधी प्रश्न बदलावा लागतो, आणि सगळी गंमत त्या बदलात आहे. दोन लूप विचारतात, ‘या दोघांची बेरीज 2020 होते का?’ पण हातात 299 हा आकडा आला की त्याचा जोडीदार कोण, हे शोधायची गरजच नसते. तो ठरलेलाच आहे: 2020 वजा 299, म्हणजे 1721. दुसरा कुठलाही आकडा चालणार नाही. मग उरतो एवढाच प्रश्न: 1721 आधी येऊन गेला आहे का? लाख बेरजांच्या जागी एक वजाबाकी आणि एक चौकशी.

ही चौकशी झटपट व्हावी म्हणून डिक्शनरी लागते. पायथॉनची डिक्शनरी म्हणजे किल्ली आणि तिच्याशी बांधलेली किंमत अशी नोंदवही. इथे किल्ली म्हणजे दिसलेला आकडा, आणि किंमत म्हणजे तो यादीत कितव्या जागी दिसला ते.

```python
def jodi(sankhya, lakshya):
    pahilele = {}
    for i, x in enumerate(sankhya):
        pair = lakshya - x
        if pair in pahilele:
            return pahilele[pair], i
        pahilele[x] = i
    return None
```

नमुन्याची यादी यातून पुढे नेऊन पाहू. पहिला आकडा 1721. त्याला हवा 299. नोंदवही रिकामी आहे, तेव्हा 1721 ची नोंद करून पुढे जायचं. 979 ला हवा 1041, तो नाही. 979 ची नोंद. 366 ला हवा 1654, तोही नाही. 366 ची नोंद. चौथा आकडा 299. त्याला हवा 1721, आणि तो नोंदवहीत आहे. काम संपलं. 675 आणि 1456 यांच्याकडे बघावंही लागलं नाही.

चौकस वाचक इथे एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. `pair in pahilele` ही ओळ दिसायला एक असली, तरी ‘हा आकडा नोंदवहीत आहे का’ हे पाहायला संगणक पुन्हा पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जात असेल तर लूप फक्त नजरेआड झाला, गेला कुठेच नाही. `pahilele` ही डिक्शनरी नसून साधी यादी असती, तर नेमकं तसंच घडलं असतं. नवशिक्यांच्या कोडमध्ये ही चूक वारंवार दिसते: वर एकच `for`, आणि आत `in` एका लिस्टवर. कोड आटोपशीर दिसतो, उत्तरही बरोबर येतं, पण वेळ दोन लूपांइतकाच लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. आकडे दुप्पट करून वेळ मोजावा. वेळ साधारण दुप्पट झाला तर ठीक. चौपट झाला तर कुठेतरी दुसरा लूप दडलेला आहे.

डिक्शनरी शोधत फिरत नाही, ती जागा गणिताने काढते. तिच्या पोटात खणांची एक रांग असते. प्रत्येक किल्लीचा आधी एक ‘हॅश’, म्हणजे एक पूर्णांक काढला जातो, आणि त्यावरून खण ठरतो. नेहमीच्या वापरातल्या धन पूर्णांकांचा हॅश पायथॉनमध्ये तो आकडा स्वतःच असतो. लहान डिक्शनरीत आठ खण असतात आणि आठने भागून उरलेली बाकी म्हणजे खणाचा क्रमांक. 1721 ला आठने भागलं की बाकी 1 उरते, म्हणून तो खण 1 मध्ये. 979 खण 3 मध्ये, 366 खण 6 मध्ये. पुढे 299 साठी 1721 ची चौकशी आली, की पुन्हा तीच बाकी काढायची आणि थेट खण 1 उघडायचा. नोंदी सहा असोत की सहा लाख, जागा काढायला लागणारे श्रम साधारण तेवढेच.

दोन किल्ल्यांना एकच खण मिळाला तर? आपल्या सहा आकड्यांतही हे घडतं. 979 साठी 1041 ची चौकशी झाली, तेव्हा 1041 ची बाकीही 1 च आली, आणि त्या खणात तर 1721 बसलेला. खण भरलेला आहे म्हणून डिक्शनरी फसत नाही. ती आतली किल्ली ताडून पाहते, ती 1041 नाही हे तिला कळतं, आणि ठरलेल्या सूत्राने ती पुढचा खण काढते. तो इथे खण 6 येतो. 366 ची नोंद तेव्हा व्हायची असल्याने तो रिकामा होता. रिकामा खण लागला, याचा अर्थ 1041 नोंदवहीत नाही. असे टप्पे फार वाढू नयेत म्हणून रांग कधीच काठोकाठ भरू दिली जात नाही. साधारण दोन तृतीयांश खण भरले की पायथॉन मोठी रांग घेतो आणि सगळ्या नोंदी तिच्यात नव्याने मांडतो.

किल्लीवरूनच जागा काढण्याची ही युक्ती पायथॉनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी जानेवारी 1953 मध्ये कंपनीतल्या एका टिपणात ती मांडली होती. क्रेडिट कार्डाचा क्रमांक टाइप करताना एखादा आकडा चुकला तर जी तपासणी तो पकडते, तीही याच लून यांची.

आता कोडमधल्या दोन ओळींच्या क्रमाकडे वळू, कारण सर्वांत जास्त घसरगुंडी तिथेच होते. आधी चौकशी, मग नोंद. हा क्रम उलटा केला तर आकडा स्वतःचाच जोडीदार म्हणून सापडू शकतो. समजा यादीत 1010 एकदाच आहे. आधी त्याची नोंद झाली, मग त्याच्या जोडीदाराची, म्हणजे 1010 चीच, चौकशी झाली. नोंदवही ‘आहे’ म्हणते, आणि कार्यक्रम 1020100 असा गुणाकार बिनदिक्कत छापतो. यादीत दुसरा 1010 नसताना! चौकशी आधी ठेवली की नोंदवहीत फक्त मागून आलेले आकडे असतात, म्हणून ही चूक होऊच शकत नाही. आणि यादीत 1010 खरोखर दोनदा असेल, तर दुसऱ्याच्या वेळी पहिला बरोबर सापडतो. कोड तपासताना अशी एक यादी मुद्दाम द्यावी, ज्यात लक्ष्याचा नेमका अर्धा आकडा एकदाच आहे. उत्तर `None` यायला हवं.

दुसरा खड्डा अपूर्णांकांचा. यादीत 0.1 आणि 0.2 आहेत आणि लक्ष्य 0.3 आहे असं धरा. माणसाला उत्तर उघड दिसतं, पण वरचा कोड `None` म्हणतो. कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत जवळपासच्या किमतीत साठवतो आणि पायथॉनमध्ये `0.3 - 0.1` चं उत्तर `0.19999999999999998` येतं. डिक्शनरीला ‘जवळपास’ कळत नाही; किल्ली तंतोतंत जुळली तरच खण तिचा. म्हणून रुपयांचा हिशेब असेल तर रकमा आधी पैशांत बदलून पूर्णांक करून घ्याव्यात आणि मगच जोडी शोधावी.

डिक्शनरीची किंमत मोजावी लागते ती मेमरीत. लाखभर आकड्यांसाठी काही एमबी जागा जाते, आणि आजच्या संगणकाला ते जाणवतही नाही. पण यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल तर तेवढीही जागा नको. एक बोट सर्वांत लहान आकड्यावर ठेवायचं, दुसरं सर्वांत मोठ्यावर. बेरीज कमी भरली तर डावं बोट एक घर पुढे, जास्त भरली तर उजवं एक घर मागे. बोटं एकमेकांना भेटायच्या आत जोडी सापडली नाही, तर ती नाहीच. यादी क्रमाने लावायची असेल तर मात्र तो वेळ वेगळा धरावा लागतो आणि आकड्यांच्या मूळ जागाही लक्षात ठेवाव्या लागतात. क्रम नसलेल्या यादीसाठी म्हणूनच डिक्शनरी सोयीची. जागा नको, फक्त आकडे हवे असतील, तर तिच्याऐवजी `set` पुरतो.

वास्टलने त्या दिवशी कोड्याचा दुसरा भागही दिला होता: आता दोन नव्हे, तीन आकडे शोधा, ज्यांची बेरीज 2020 होईल. नमुन्यात ते 979, 366 आणि 675 आहेत आणि त्यांचा गुणाकार 241861950. तीन लूप एकात एक घातले तर दोनशे आकड्यांसाठी तेरा लाखांवर त्रिकुटं तपासावी लागतात. त्याऐवजी एक आकडा धरायचा, तो 2020 मधून वजा करायचा आणि जे उरेल त्याच्यासाठी मागची जोडी शोधणारं फंक्शन धरलेल्या आकड्याच्या पुढच्या यादीवर चालवायचं. 979 धरला की उरतात 1041. पुढे 366 ला हवा 675, तो अजून आलेला नाही; 299 ला हवा 742, तोही नाही; मग 675 येतो, त्याला हवा 366, आणि तो नोंदवहीत आहे. इथे डिक्शनरी एकच लूप वाचवते, बाहेरचा लूप राहतोच. त्यामुळे आकडे दुप्पट केले की या भागात वेळ चौपट होणारच, आणि इथे ती चूक नसते.