सोलापुरी चादर शॉपिंग जाहिरातीत चुकीच्या गिऱ्हाइकाला का दिसते?

गुगलच्या शॉपिंग जाहिरातीत आपण कीवर्ड देत नाही. कोणत्या शोधाला आपला माल दाखवायचा, हे गुगल प्रॉडक्ट फीड वाचून ठरवतं. म्हणून ‘चादर प्रीमियम ०१२’ हे शीर्षक वाया जातं. ‘सोलापुरी जॅकार्ड चादर, सुती, डबल, मरून, मोर नक्षी’ यात गिऱ्हाईक शोधतं ते सगळं आहे. शीर्षकाला १५० अक्षरांची मुभा असली तरी पडद्यावर बहुधा पहिली सत्तरेकच दिसतात, म्हणून ‘सोलापुरी’ आणि ‘सुती’ आधीच हवं.

खरी गफलत वर्गवारीत होते. ही जाड चादर पांघरायची, पण फीडमध्ये ती `Bed Sheets` खाली टाकली की पातळ बेडशीट शोधणाऱ्यांसमोर जाण्याची शक्यता वाढते. तिची जागा `Blankets`. सर्च टर्म्स अहवालात ‘फिटेड बेडशीट’सारखे शोध दिसू लागले, तर आधी शीर्षक आणि वर्गवारी तपासा. गुगल स्वतःच वर्ग ठरवतं, मग खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण तो अंदाजही शीर्षकासारख्या फीडमधल्या माहितीवरूनच बांधला जातो, ती मोघम असेल तर चुकू शकतो.

फोटोवर ‘५०% सूट’ किंवा वॉटरमार्क असेल तर माल नामंजूर होऊ शकतो. मुख्य फोटोत पूर्ण चादर दाखवा, विणीचा जवळून काढलेला फोटो `additional_image_link` मध्ये द्या.