दहा लाखांवर अडकलेला आकडा

सकाळी 7.50. मयूर विहारहून नोएडाकडे जाणाऱ्या निळ्या मेट्रोत उभा आहे आणि फोनवर काश्मिरी गेटचा एक दुकानदार. दिल्लीतल्या मोटारीच्या सुट्या भागांचा जुना घाऊक बाजार तिथला. आमची कंपनी अशा दुकानदारांना ऑनलाइन माल पुरवते. "भाईसाहब, परवा तुम्ही सांगितलेली क्लच प्लेट सर्चमध्ये दिसतच नाही, आणि दुसरीचा भाव अजून जुनाच आहे." सर्च चालू आहे का, असं विचारलं, तर म्हणाले, एकदम फास्ट चालतोय.

सर्च चालतोय, पण नवं काही दिसत नाही. सर्व्हर पडला असता तर असं झालं नसतं. नोंदी आत जायचं दार बंद झालं की असं होतं. आम्ही सर्च स्वतःच्या मशीनवर चालवत नाही, महिन्याच्या प्लॅनवर भाड्याने घेतो. प्लॅनमध्ये तीन आकडे असतात: इंडेक्समध्ये किती नोंदी, महिन्याला किती सर्च, आणि सेवा चालू राहावी म्हणून इंडेक्सच्या किती प्रती. आज 22 तारीख आहे. 1 तारखेला प्लॅनचं नूतनीकरण आहे, त्यामुळे तसाही आज याच आकड्यांवर बसायचं होतं.

सकाळी 9.30, सेक्टर 62. डॅशबोर्डवर नोंदी बरोबर 10,00,000. खऱ्या मालाचा आकडा इतका गोल कधीच नसतो. मर्यादा दहा लाखांचीच, ती गाठल्यावर नवी नोंद आणि जुन्या नोंदीतला बदल दोन्ही नाकारले जातात आणि जुन्या तशाच दाखवल्या जातात. काही सेवा अशा वेळी नोंद घेतात आणि जादा बिल लावतात. आमची नाकारते. आपल्या लॉगमध्ये त्या नकाराचा एरर येत असतोच, पण रात्रीचं काम "झालं" असा निरोप पाठवून मोकळं होतं, म्हणून कुणी बघत नाही. जुना भाव दिसणं हे न दिसणाऱ्या क्लच प्लेटपेक्षा वाईट, कारण त्या भावाने ऑर्डर येते.

सकाळी 10.15. टीममधला नागपूरचा पोरगा विचारतो, "दादा, पण आपले पार्ट तर 42 हजारच आहेत ना? दहा लाख कुठून आले?"

फळ्यावर गुणाकार मांडला. एकच ब्रेक पॅड अनेक गाड्यांना बसतो, आणि आमच्याकडे प्रत्येक पार्ट-गाडी जोडीची वेगळी नोंद आहे. एका पार्टला सरासरी सहा गाड्या, म्हणजे 2,52,000. शिवाय यादी तीन प्रकारे लावता येते: स्वस्त आधी, महाग आधी, नवीन आधी. या सेवेत प्रत्येक क्रमासाठी इंडेक्सची पूर्ण प्रत ठेवावी लागते. मूळ एक आणि क्रमाच्या तीन, अशा चार प्रती: 10,08,000. आठ हजार नोंदी बाहेर राहिल्या. एका नव्या पार्टला चोवीस नोंदी लागतात, म्हणजे साधारण 333 पार्ट गायब. त्यातलीच ती क्लच प्लेट.

इथे नवख्यांचा गोंधळ होतो, कारण क्रमासाठीच्या प्रतीलाही रेप्लिका म्हणतात आणि मशीन बंद पडलं तरी सेवा चालावी म्हणून ठेवलेल्या प्रतीलाही. पहिली आपल्या नोंदींच्या कोट्यातून खाते. दुसरी सहसा खात नाही, तिचे पैसे प्लॅनच्या दरात आधीच धरलेले असतात. अल्गोलियात तर क्रमाच्या प्रतीचेही दोन प्रकार आहेत. स्टँडर्ड प्रतीत सगळ्या नोंदी पुन्हा साठतात, व्हर्च्युअल प्रत मूळ इंडेक्सच्याच नोंदी वापरते. उलट टाइपसेन्सच्या क्लाउडमध्ये नोंदी मोजतच नाहीत, मेमरी आणि प्रोसेसरचं भाडं घेतात. म्हणून दोन सेवांचे दर शेजारी मांडून फारसं काही कळत नाही. आधी आपल्या एका पार्टच्या किती नोंदी होतात ते ठरवावं लागतं.

सकाळी 11. उपाय सरळ दिसतो: एका पार्टची एकच नोंद करायची आणि गाड्या तिच्या आत यादी म्हणून ठेवायच्या. 42,000 गुणिले चार, 1,68,000. पण एका नोंदीच्या आकाराचीही मर्यादा असते, आमच्या प्लॅनमध्ये 10 केबी. बहुतेक पार्टांना ती पुरते. हेडलाइटचा बल्ब मात्र आमच्या यादीतल्या 900 मॉडेलांना बसतो, आणि गाडीचं नाव आम्ही देवनागरीत साठवतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यात काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. "मारुती स्विफ्ट 2018 पेट्रोल" एवढ्याला 67 बाइट लागतात. 900 नावांचे साठ केबी होतील आणि नोंद घेतलीच जाणार नाही. म्हणून नावाऐवजी पाच अक्षरांचा कोड:

```json
{
  "id": "HB-0417",
  "name": "हेडलाइट बल्ब H4",
  "fits": ["SW18P", "DZ17D", "AL12P"],
  "price": 140
}
```

कोड, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम धरून प्रत्येकी आठ बाइट, 900 कोडांचे 7,200. बल्बही आत बसतो.

दुपारी 12.30. दुसरा आकडा सर्चचा. प्लॅन महिन्याला पाच लाखांचा, 22 तारखेला 4,60,000 वापरून झालेले. हिशेब खात्यातल्या मॅडम म्हणतात, "धंदा वाढला, चांगलंच आहे!" धंदा एवढा वाढलेला नाही.

सर्च म्हणजे एका माणसाचा एक शोध, असं बाहेरच्यांना वाटतं. पण टाइप करता करता निकाल दाखवायचे असले तर प्रत्येक अक्षराला एक विनंती जाते. "brake pad swift" मध्ये मोकळ्या जागा धरून पंधरा कळा. पानावर पार्टांबरोबर ब्रँडच्या सूचनाही दिसतात, तो दुसरा इंडेक्स. एका शोधाच्या तीस विनंत्या झाल्या. आमच्याकडे आता पहिली तीन अक्षरं येईपर्यंत काहीच जात नाही, आणि पुढे बोट 300 मिलिसेकंद थांबलं तरच विनंती जाते. भराभर टाइप करणाऱ्याच्या तीसच्या जागी आठ-दहा होतात. थांबा याहून वाढवला तर दुकानदाराला सर्च मंद वाटतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना त्याला तेवढा धीर नसतो.

ते आधीच केलेलं असूनही 4,60,000 कसे? विनंत्या शब्दानुसार मोजल्या तर सगळ्यात वर "test". सेवा जिवंत आहे का हे बघणारी तपासणी दर तीस सेकंदांनी, दोन ठिकाणांहून, खरा सर्च करून पाहते. दिवसाला 2,880, दुप्पट 5,760, बावीस दिवसांचे 1,26,720. चौथ्या हिश्शाहून जास्त कोटा आमचीच पहारेदारी खात होती. आमच्या सेवेत `/health` असा पत्ता आहे, तो सर्चमध्ये मोजला जात नाही. तीस सेकंदांची तपासणी तिकडे वळवली. पण `/health` फक्त मशीन जागं आहे एवढं सांगतं, इंडेक्समधून उत्तर येतंय का ते सांगत नाही. म्हणून खरा सर्चही ठेवला, एकाच ठिकाणाहून, दर पाच मिनिटांनी. महिन्याचे 8,640. तेवढे परवडतात.

दुपारी 1.30. राजमा-चावल. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी 3. विक्री प्रतिनिधीचा कॉल. तीन प्रतींऐवजी दोन घ्या, बरंच स्वस्त पडेल, असा प्रस्ताव. मॅडमही कॉलवर आहेत, त्यांना हे पटायला लागलंय. "तिसरी मशीन रिकामीच बसते ना, जी?"

रिकामी बसत नाही, सर्च तिघींत वाटले जातात. पण खरा मुद्दा लिहिण्याचा आहे. अल्गोलिया काय किंवा टाइपसेन्स काय, प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवायला राफ्ट नावाची पद्धत वापरतात. तिचा नियम बहुमताचा: निम्म्याहून जास्त मशीननी होकार दिला तरच नवी नोंद पक्की. तिघींतली एक पडली तर दोघींचं बहुमत उरतं. दोघींतली एक पडली तर उरलेली एक बहुमत होत नाही, म्हणजे भाव बदलणं थांबतं. लिहिण्याच्या बाबतीत दोन मशीन एकीहून सरस नाहीत, बंद पडू शकणारी यंत्रं मात्र दोन झाली. मायक्रोसॉफ्टच्या अझुर एआय सर्चची हमीही याच धर्तीवर आहे: फक्त शोधायचं असेल तर दोन प्रती, नोंदी लिहिण्याचीही हमी हवी असेल तर तीन.

हमीचे टक्केही मिनिटांत मोजून दाखवले. 99.9 टक्के म्हणजे तीस दिवसांत 43 मिनिटं बंद चालेल, 99.99 म्हणजे जेमतेम सव्वाचार. मॅडमनी 43 मिनिटं लिहून घेतली आणि विचारलं, "मग तीन प्रती असताना चुकून इंडेक्स डिलीट झाला तर?" दिवसभरातला सर्वात चांगला प्रश्न. तिन्हींतून डिलीट होणार, तोही काही क्षणांत. प्रत मशीन बिघडण्यापासून वाचवते, चुकीच्या हुकमापासून नाही. त्यासाठी मूळ डेटाबेसमधून इंडेक्स पुन्हा बांधता आला पाहिजे, आणि त्याला किती वेळ लागतो ते माहीत पाहिजे. आमच्याकडे चाळीस मिनिटं लागतात.

सायंकाळी 5.30. नोंदी 1,68,000 होणार, म्हणून विक्रीवाल्याने दोन लाखांचा छोटा प्लॅन पुढे केला होता. तो घेता येत नाही. पुन्हा बांधताना चालू इंडेक्सला हात लावत नाहीत. शेजारी नवा उभा करतात, तपासतात आणि मग नावांची अदलाबदल करतात. तेवढा वेळ दोन्ही मोजले जातात: 3,36,000. दोन लाखांच्या प्लॅनवर आम्हाला सर्च बंद ठेवून इंडेक्स बांधावा लागेल. त्यामुळे पाच लाखांचा घ्यायचा.

आज रात्रीही तोच पेच आहे. दहा लाख भरलेले असताना नव्याला जागा कुठून आणायची? "महाग आधी" हा क्रम क्वचितच कुणी वापरतं. ती प्रत आधी काढली, उरले साधारण साडेसात लाख, त्यात 1,68,000 मिळवले तरी दहा लाखांच्या आत.

रात्री 8.40, घरून. नवा इंडेक्स तयार. नावं बदलण्याआधी सर्वाधिक वापरातले पन्नास शोध जुन्या-नव्यावर चालवून बघायचे ठरलं होतं. पोराचा मेसेज: "दादा, 'brake pad swift' ला नव्यात निकालच नाही."

असणार कसा? गाडीचं नाव आता नोंदीत कुठेच नाही, नुसता SW18P आहे, आणि माणूस तर swift टाइप करतो. 900 मॉडेलं असली तरी त्यामागची गाड्यांची नावं 120च आहेत. ती इंग्रजी लिपीत प्रत्येक नोंदीत एकदा शोधण्यासाठी घातली, बल्बच्या नोंदीत सुमारे 1,200 बाइटची भर. देवनागरीत घातली असती तर 10 केबीची हद्द ओलांडली असती, म्हणून "स्विफ्ट" म्हणजे swift ही जोडी समानार्थी शब्दांच्या यादीत टाकली. ती यादी इंडेक्सच्या सेटिंगमध्ये राहते, नोंदीत मोजली जात नाही.

रात्री 11.20. पुन्हा बांधला, पन्नासही शोध जुळले, नावं बदलली. क्लच प्लेट दिसते, दुसरीचा भावही आजचा आहे. जुना इंडेक्स दोन दिवस ठेवतोय, काही राहून गेलं असेल तर परत फिरता यावं म्हणून. तोवर डॅशबोर्ड नऊ लाखांच्या वरच राहील. मॅडमना तसं लिहून टाकलं: पाच लाख नोंदी, पाच लाख सर्च, तीन प्रती, लागू 1 तारखेपासून, आणि 24 तारखेपर्यंत नोंदींचा आकडा उतरलेला दिसला नाही तर विक्रीवाल्याला फोन करू नका.