दहा वर्षांत वसूल, आणि कधीच वसूल नाही

बिदर ते कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा लोहमार्ग 1997-98च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च सुमारे 370 कोटी रुपये धरला होता. पूर्ण मार्गाचं उद्घाटन झालं 29 ऑक्टोबर 2017 रोजी, आणि तोवर खर्च 1,500 कोटींच्या वर गेला होता. हुमनाबाद, कमलापूरच्या लोकांनी वीस वर्षं वाट पाहिली. या वाट पाहण्याची किंमत आकड्यांत मांडता येते का? येते, पण प्रकल्प तपासण्याची आपली सगळ्यात लाडकी पद्धत नेमकी तिथेच गप्प बसते.

ही पद्धत म्हणजे परतफेड कालावधी. घातलेली रक्कम भागिले वर्षाची मिळकत, की झालं. समजा, 370 कोटींच्या अशा मार्गातून खर्च वजा जाता दरवर्षी 37 कोटी उरतात. (मिळकतीचा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे, रेल्वेचा नव्हे.) म्हणजे भांडवल दहा वर्षांत वसूल. बिदरच्या बाजारातला कुठलाही व्यापारी हे तोंडी सांगेल.

आता त्याच आकड्यांना वटाव लावून पाहू. दहा टक्के व्याजाच्या जगात वर्षभराने मिळणाऱ्या 110 रुपयांची आजची किंमत 100 रुपये. म्हणून पहिल्या वर्षाचे 37 कोटी आज 33.6 कोटींचे, दुसऱ्या वर्षाचे 30.6 कोटींचे, आणि दहाव्या वर्षाचे जेमतेम 14.3 कोटींचे. दहाही वर्षांची बेरीज भरते 227 कोटी. सगळं वसूल झालं असं आपण ज्या दिवशी म्हणतो, त्या दिवशी 143 कोटी अजून यायचेच असतात.

मग पुढे मोजत राहावं. चाळीस वर्षांनी बेरीज 362 कोटींवर येते. शंभर वर्षं मोजलं तरी ती 370ला टेकत नाही, जवळ जवळ सरकत राहते एवढंच. दर सहा टक्के असता, तर हीच वसुली सुमारे 16 वर्षांत झाली असती, आठ टक्क्यांना 21 वर्षांत. दहा टक्क्यांना मात्र कधीच नाही! मिळकत तीच, खर्च तोच, आणि साध्या भागाकाराचं उत्तर तिन्ही वेळा ‘दहा वर्षं’. मला तर हे गणितातलं फार मोठं नवल वाटतं.

आता विलंबाकडे येऊ. परतफेडीचं घड्याळ बहुतेक जण गाडी धावू लागल्यावर सुरू करतात. पण मंजुरीच्या काळात मातीकामावर पडलेला एक रुपया वीस वर्षं तसाच अडकून राहिला, तर दहा टक्क्यांनी त्याचे 6 रुपये 73 पैसे झालेले असतात, आणि तेवढे परत आले तरच तो वसूल झाला म्हणायचा. खर्च टप्प्याटप्प्याने होतो, त्यामुळे प्रत्येक रुपयावर इतका भार नसतो. पण अर्धवट भराव आणि रुळांविना उभे पूल दरवर्षी व्याज खात असतात, हे परतफेड कालावधीला दिसतच नाही.

त्याला वसुलीनंतरचंही काही दिसत नाही. कलबुर्गीच्या एखाद्या डाळ मिलमालकाकडे दहा लाख आहेत असं धरा. एक यंत्र दोन वर्षं पाच-पाच लाख वाचवतं आणि मग भंगारात जातं. छतावरचे सौर पॅनेल वीस वर्षं अडीच-अडीच लाख वाचवतात. परतफेडीच्या कसोटीवर यंत्र जिंकतं, दोन वर्षं विरुद्ध चार. दहा टक्क्यांनी वटाव लावला की यंत्रात 1.3 लाखांचा तोटा निघतो आणि पॅनेलमध्ये 11 लाखांहून जास्त फायदा.

तरीही मिलमालक दोन वर्षांकडे ओढला जातो, आणि त्याला मूर्ख म्हणायला मी तयार नाही. तुरीचं पीक पावसावर आहे, पुढच्या हंगामात माल येईल की नाही ठाऊक नाही, बँकेचा हप्ता मात्र ठरलेला आहे. पैसा किती दिवस अडकेल, हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला परतफेड कालावधी चोख उत्तर देतो. फायदा होईल का, या प्रश्नाला मात्र तो उत्तरच देत नाही.

वटावाच्या पद्धतीलाही एक कच्ची बाजू आहे: सगळं दरावर टांगलेलं. आपल्याच उदाहरणात सहा टक्क्यांनी मोजलं तर चाळीस वर्षांची मिळकत 557 कोटींची ठरते आणि प्रकल्प घसघशीत फायद्याचा दिसतो. म्हणून ‘इतक्या वर्षांत पैसे वसूल’ असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी दर विचारा, मग घड्याळ कोणत्या दिवसापासून लावलंय ते विचारा.